मितालीची तोंडी परीक्षा

तोंडी परीक्षेला घाबरणाऱ्या, गप्प गप्प राहणाऱ्या मुलीची गोष्ट लिहायला तशी अवघड नाही. आधी ती घाबरते, मग काहीतरी घडतं, मग ती बोलते. वाचकाची मायबोली मराठी असेल तर लेखकाला मोकळं रान असतं. मनातली घालमेल, घशाला पडलेली कोरड, पायातला कंप, सगळं हवं तसं रंगवता येतं. पण हीच गोष्ट मराठी शिकायला लागून वर्ष झालेल्या मुलीने कुणाची मदत न घेता वाचावी, अशी लिहायची म्हटलं की खेळच बदलतो. ‘घालमेल’ हा शब्द तिला माहीत नसतो. ‘कंप’ माहीत नसतो. ‘पायातला’ यात ‘पाय’ लपलेला आहे, हेही चटकन दिसत नाही. अशा वाचकासाठी लिहिणाऱ्याच्या हातात पाच-सहाशे शब्द उरतात, दोन काळ उरतात आणि लहान लहान वाक्यं उरतात. एवढ्या सामानात खरी गोष्ट उभी करायची असते.

अशा गोष्टींची गरज आपल्याकडे आज मोठी आहे. महाराष्ट्रातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं २०२०च्या कायद्याने बंधनकारक झालं. त्यामुळे पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर इथल्या वर्गांत अशी असंख्य मुलं आहेत, ज्यांच्या घरी बंगाली, तेलुगू, ओडिया, मल्याळम किंवा असमिया बोलतात आणि जी शाळेत येऊन मराठी शिकतात. त्यांच्या हातात बहुधा चार-पाच वर्षांच्या मराठी मुलांसाठी लिहिलेली पुस्तकं दिली जातात. ती सोपी असणार, असं आपण गृहीत धरतो. पण ती सोपी असतात फक्त मराठी मुलाला. ‘इवलंसं’, ‘टुणकन’, ‘गट्ट करून’, ‘भुर्र’ हे शब्द मराठी पोराने पाळण्यापासून ऐकलेले असतात. बाहेरून आलेल्या मुलाला ‘कार्यालय’ कळतं, कारण ते हिंदीच्या ओळखीने कळतं, पण ‘टुणकन’ कळत नाही. शिवाय ते मूल बारा वर्षांचं असतं. ससुल्याच्या गोष्टीत त्याचं मन रमत नाही. त्याला त्याच्या वयाची अडचण हवी असते आणि आवाक्यातली भाषा हवी असते. या दोन्ही गोष्टी एकत्र बसवणं हेच या लेखनाचं खरं काम.

या कामाची सुरुवात आपल्याच उपखंडात झाली, हे फार जणांना ठाऊक नसतं. मायकेल वेस्ट नावाचे शिक्षक १९२०च्या दशकात ढाक्यात शिक्षकांना घडवण्याचं काम करत होते. बंगाली मुलांच्या हातातली इंग्रजी क्रमिक पुस्तकं त्यांनी तपासली तेव्हा त्यांना दिसलं की नवे शब्द धबाधबा येतात, आणि एकदा आलेला शब्द पुन्हा दिसेपर्यंत मूल तो विसरून गेलेलं असतं. त्यांनी जुनाट आणि क्वचित लागणारे शब्द काढून नेहमीचे शब्द घातले, नवे शब्द एकमेकांपासून लांब लांब ठेवले आणि प्रत्येक नवा शब्द पुन्हा पुन्हा वापरला. पुढे १९५३ साली त्यांनी नेहमीच्या सुमारे दोन हजार इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली आणि त्या यादीच्या आधाराने कितीतरी सोपी पुस्तकं लिहिली गेली.

नवे शब्द किती असावेत, याचाही अंदाज आता आहे. हू आणि नेशन या अभ्यासकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एकच गोष्ट वेगवेगळ्या प्रमाणात अनोळखी शब्द घालून वाचायला दिली. शंभरातले वीस शब्द अनोळखी होते तेव्हा एकालाही गोष्ट पुरेशी कळली नाही. मदतीशिवाय आरामात वाचायचं तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे पन्नास शब्दांमागे एक नवा.

मराठीत मात्र हा हिशेब जसाच्या तसा लागू करता येत नाही. इंग्रजीत ‘घर’ हा शब्द आला की तो बहुतेक तसाच राहतो. आपल्याकडे तो ‘घरात’, ‘घरातून’, ‘घराला’, ‘घरासमोरच्या’ अशी रूपं घेतो. ‘शाळा’ची ‘शाळेत’ होते, ‘पाणी’चं ‘पाण्यात’ होतं, ‘आंबा’चं ‘आंब्याचा’ होतं. ‘पाणी’ ओळखणाऱ्या मुलाला ‘पाण्यात’ ओळखता येईलच असं नाही. म्हणून मराठीत लिहिताना सामान्यरूप बदलणारा शब्द पहिल्यांदा येतो तेव्हा तो नवा शब्दच समजावा, असं माझं मत आहे. यादीतले शब्द मोजून कुणी ‘सोपी’ म्हणून दिलेली गोष्ट मुलांना जड का जाते, त्याचं कारण बहुधा इथेच सापडतं.

आता गोष्टीकडे येऊ. तिच्या नायिकेचं नाव मिताली. ती सातवीत आहे, गुवाहाटीहून पुण्याला आली आहे. ‘मिताली’ हे नाव मुद्दाम घेतलं. ते आसामातही चालतं आणि महाराष्ट्रातही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याला प्रत्यय लावताना काही मोडतोड होत नाही. ‘रमा’ म्हटलं की ‘रमाला’ की ‘रमेला’ हा घोळ सुरू होतो. ‘मितालीला’, ‘मितालीने’, ‘मितालीचं’ यात मूळ नाव सरळ दिसत राहतं.

गोष्टीची सुरुवात अशी:

मिताली सातवीत आहे. तिचं घर पुण्यात आहे. आधी तिचं घर गुवाहाटीत होतं. मितालीला मराठी समजतं. पण ती मराठी बोलत नाही. वर्गात बाई प्रश्न विचारतात. मितालीला उत्तर येतं. पण तिला भीती वाटते. ती खाली बघते. मग बाई दुसऱ्या मुलीला विचारतात. शुक्रवारी तोंडी परीक्षा आहे.

इथे ‘लाजाळू’ हा शब्द नाही. ‘आत्मविश्वास’ नाही, ‘न्यूनगंड’ तर नाहीच. भीती सांगायला ‘ती खाली बघते’ हे तीन शब्द पुरतात आणि ते वाचकाला दिसतात. पुढे परीक्षेत हीच कृती पुन्हा येणार आहे, तेव्हा वाचकाला काहीही समजावून सांगावं लागणार नाही.

या परिच्छेदात व्याकरणाचीही एक योजना आहे. मराठीत समजणं, येणं, वाटणं ही क्रियापदं माणसाला ‘ला’ लावून येतात. मितालीला समजतं, मितालीला येतं, तिला वाटते. करणारी ती नसते, गोष्टी तिच्या बाबतीत होतात. याउलट ‘विचारतात’ या क्रियापदाची मालकी बाईंकडे आहे. शिकाऊ वाचकाला हे सगळं नियम म्हणून कळायची गरज नाही. लिहिणाऱ्याने मात्र मनाशी ठरवायला हवं की ‘मितालीने विचारलं’ हे वाक्य शेवटच्या प्रसंगापर्यंत एकदाही येऊ द्यायचं नाही. तिला आवाज सापडतो म्हणजे नेमकं काय होतं, ते या गोष्टीत एका क्रियापदाने सांगायचं आहे.

मितालीला कशाची भीती वाटते, हेही आधी नक्की करावं लागतं. परक्या भाषेच्या वर्गातल्या भीतीवर होर्विट्झ, होर्विट्झ आणि कोप या तिघांनी १९८६ साली एक गाजलेला लेख लिहिला. त्यांनी या भीतीचे तीन पदर सांगितले: समोरच्याशी बोलण्याचीच धास्ती, परीक्षेची धास्ती आणि लोक काय म्हणतील याची धास्ती. बहुतेक मुलांत तिन्ही थोडे थोडे असतात. पण छोट्या गोष्टीत तिन्ही घेतले तर एकही नीट उतरत नाही. मितालीच्या बाबतीत मी पहिला पदर घेतला. समोरचा काय म्हणाला ते कळलं नाही तर काय करायचं, हे तिला माहीत नाही. म्हणून ती तोंडच उघडत नाही. परीक्षा वर्गासमोर न ठेवता बाईंच्या टेबलाशी, एकटीची ठेवली, तीही याचसाठी. वर्ग ऐकत असता तर हसणारी मुलं आली असती, आणि गोष्ट त्यांची झाली असती.

आता मधला भाग, जिथे अशा गोष्टी हमखास फसतात. मुलगी घाबरलेली असते, मग एक शहाणी व्यक्ती येते, आई, आजी किंवा बाई, आणि तिला पाच-सात वाक्यं सुनावते: घाबरू नकोस, चुका सगळ्यांच्याच होतात, तू करू शकतेस. मुलगी उठते आणि बोलायला लागते. मराठी वाचकालाही हे खोटं वाटतं. शिकाऊ वाचकाचा तर दुहेरी तोटा होतो. एक म्हणजे उपदेशाची वाक्यं भाषेने अवघड असतात: ‘नकोस’, ‘शकतेस’, ‘झाल्या तरी’ अशी रूपं त्यात गर्दी करतात. दुसरं म्हणजे पुस्तक मिटल्यावर स्वतःच्या तोंडी वापरता येईल असं त्यातलं एकही वाक्य त्याच्या हाती लागत नाही. म्हणून मितालीला धीर देणारं या गोष्टीत कुणीच नाही. आहेत त्या शेजारच्या आजी, आणि त्यांना कमी ऐकू येतं.

संध्याकाळी आई म्हणाली, “मिताली, शेजारच्या आजींना हा डबा दे.” शेजारच्या आजींना कमी ऐकू येतं. मिताली हळू बोलते.
“आजी, डबा,” मिताली म्हणाली.
“काय म्हणालीस?”
“आजी, हा डबा.”
“काय म्हणालीस? मोठ्याने बोल, बाळ.”
“आजी, हा डबा आईने दिला!”
“अगं, डबा! ये, आत ये. बस.”

शिकाऊ वाचकासाठी पुनरावृत्ती ही औषधासारखी लागते, पण कारण नसताना तेच वाक्य तीनदा आलं की वाचक कंटाळतो. कमी ऐकू येणाऱ्या आजी हे ते कारण पुरवतात. ‘डबा’ तीनदा आला आणि दर वेळी वाक्य एकेका पावलाने वाढलं: आधी नुसता डबा, मग हा डबा, मग कुणी दिला तेही. शिकणारं मूल प्रत्यक्षात असंच बोलायला लागतं. आणि मिताली मोठ्याने बोलली ती धैर्य आलं म्हणून नव्हे. डबा द्यायचा होता आणि आजींना ऐकू येत नव्हतं, म्हणून.

दुसऱ्या दिवशी मिताली पुन्हा जाते. आजी चहा ठेवतात आणि तिला कपात ओतायला सांगतात.

“आजी, तुम्हाला सहा हवा?” मिताली म्हणाली.
“सहा? सहा काय? सहा लाडू?”
मिताली हसली. “सहा नाही, आजी. चहा!”
“हां, चहा! हो, हवा.”

हा विनोद हवेतून आलेला नाही. असमिया भाषेत ‘च’ हे अक्षर ‘स’सारखं उच्चारतात आणि तिकडे चहाला ‘साह’ म्हणतात. पुण्यात आलेल्या असमिया मुलीची जीभ बेसावध क्षणी तिकडेच वळणार. मूल तेलुगू घरातलं असतं तर ही अडखळण्याची जागा बदलली असती, पंजाबी असतं तर आणखी बदलली असती. पात्राची मातृभाषा ठरवून घेतली की चुका मनाने रचाव्या लागत नाहीत, त्या आपोआप खऱ्या येतात. आणि चुकीवर मिताली पहिल्यांदा हसते ते इथे, परीक्षेच्या टेबलाशी नाही, चहाच्या कपाशी.

तिसरा प्रसंग सगळ्यांत छोटा आहे, आणि गोष्टीची खिट्टी तिथेच आहे. आजी हळू आवाजात काहीतरी पुटपुटतात. या वेळी मितालीला ऐकू येत नाही. आजींच्या तोंडून अनेकदा ऐकलेलं वाक्य ती जसंच्या तसं परत करते.

“काय म्हणालीस?” मिताली म्हणाली.
आजी हसल्या. “मोठ्या माणसांना ‘म्हणालात’ म्हणायचं. ‘काय म्हणालात?’”
“काय म्हणालात?”
“आता बरोबर. मी म्हणाले, डबा छान होता.”

ऐकलेलं वाक्य उचलून वापरणं ही भाषा शिकण्याची सर्वांत नैसर्गिक वाट आहे, पण मराठीत त्या वाटेवर हा खड्डा हमखास असतो. मोठी माणसं मुलाला ‘तू’ म्हणतात, तेव्हा मुलाच्या कानावर सतत ‘-लीस’, ‘-तेस’, ‘-शील’ अशीच रूपं पडतात. तीच रूपं ते मोठ्यांना परत करतं आणि उद्धट ठरतं. कितीतरी परभाषक मुलांना वर्गात अशा एका वाक्यावरून ओरडा बसतो आणि ती पुढे महिनोन्‌महिने गप्प राहतात. पाठ्यपुस्तकात ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा तक्ता असतो, पण बदल नेमका कुठे करायचा ते तक्त्यात दिसत नाही. आजींच्या एका वाक्यात ते दिसतं. उपदेश म्हणाल तर गोष्टीत एवढाच आहे आणि तो व्याकरणाचा आहे.

आता शुक्रवार.

बाईंनी चित्र दाखवलं. “मिताली, चित्रात काय काय आहे?” बाईंनी विचारलं.
“चित्रात घर आहे. घर लहान आहे. घरासमोर झाड आहे. झाड मोठी आहे.” मिताली थांबली. मोठी? मोठा? “झाड मोठं आहे.”
“छान. पारावर कोण आहे?”
पारावर? मितालीला हा शब्द माहीत नाही. ती खाली बघते. मग ती वर बघते.
“बाई, काय म्हणालात?”
“पारावर कोण आहे?”
“बाई, पार म्हणजे काय?” मितालीने विचारलं.
“पार म्हणजे झाडाच्या भोवती बसायची जागा.”
“हां! पारावर एक आजी आहेत. त्यांच्या हातात कप आहे.”
“कपात काय आहे?”
“चहा,” मिताली म्हणाली.

गोष्ट इथे संपते. तिला किती गुण मिळाले ते सांगितलेलं नाही. गुण सांगितले की वाचणारी मुलं तोच आकडा लक्षात ठेवतात, आणि ज्यांना तेवढे मिळत नाहीत त्यांना गोष्ट आपली वाटत नाही.

या प्रसंगातल्या दोन-तीन बारीक गोष्टी थांबून बघण्यासारख्या आहेत. ‘झाड मोठी आहे’ ही चूक मुद्दाम ठेवली आहे. असमियात नामांना व्याकरणातलं लिंग नसतं, हिंदीत दोनच असतात. त्यामुळे मराठीतलं नपुंसकलिंग तिला दोन्हीकडून परकं. ती चुकते, स्वतःच थांबते, स्वतःच दुरुस्त करते, आणि बाई ‘छान’ म्हणून पुढे जातात. दुरुस्ती करत करत बोलणं हेही बोलणंच असतं, तोंडी परीक्षा घेणाऱ्या जाणत्या शिक्षकांना हे माहीत असतं. मुलांना माहीत नसतं. त्यांना वाटतं, वाक्य मनात पूर्ण शुद्ध तयार झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, आणि तोवर प्रश्न दुसरीकडे गेलेला असतो.

‘पार’ हा शब्द वाचकालाही नवा आहे. नव्या शब्दाचा अर्थ पानाच्या तळाशी द्यायची रीत आहे. इथे तो गोष्टीतच, मितालीच्या प्रश्नाला बाईंनी दिलेल्या उत्तरात येतो. म्हणजे वाचक आणि मिताली एकाच वेळी अडतात आणि एकाच वेळी सुटतात. असा शब्द निवडताना काळजी घ्यावी लागते. तो खरोखर रोजच्या मराठीतला हवा, चित्रात दाखवता यायला हवा आणि हिंदीवरून ओळखता येणार नाही असा हवा. ‘वृक्ष’ घेतला असता तर मिताली अडलीच नसती.

आणि ‘मितालीने विचारलं’. आतापर्यंत ती ‘म्हणाली’ होती. ‘म्हणणं’ आणि ‘बोलणं’ ही क्रियापदं भूतकाळात ‘ने’ मागत नाहीत: मिताली म्हणाली, मिताली बोलली. ‘विचारणं’, ‘सांगणं’, ‘दाखवणं’ मागतात: बाईंनी विचारलं, बाईंनी दाखवलं. मराठी शिकणाऱ्याला हा ‘ने’ फार छळतो, कारण तो लागला की क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, फळ खाल्लं. खाणारी मितालीच असली तरी क्रियापदाला तिच्याशी देणंघेणं नाही. म्हणून गोष्टीत ‘ने’ची वाक्यं थोडी ठेवली आणि त्यांतही कर्म नपुंसकलिंगी घेतलं किंवा घेतलंच नाही, म्हणजे शेवट बहुतेक ‘-लं’ राहतो: चित्र दाखवलं, विचारलं. अपवाद एकच, ‘डबा आईने दिला’. तो राहू दिला, कारण डबा बदलून ‘भांडं’ केलं असतं तर शेजाऱ्यांत चालणारी देवाणघेवाण खोटी वाटली असती. नियम आणि गोष्ट यांचं भांडण झालं तर गोष्टीच्या बाजूने उभं राहावं, पण असं क्वचितच करावं.

लेखी वळण की बोली, हाही प्रश्न येतो. छापील मराठीत ‘झाले’, ‘विचारले’ लिहायची परंपरा आहे. मी ‘विचारलं’, ‘मोठं’ लिहिते, कारण ही गोष्ट बोलण्याविषयी आहे आणि मूल पानावर जे वाचेल तेच परीक्षेत बोलणार आहे. ‘झाड मोठे आहे’ असं बोलणाऱ्या मुलाला वर्गातली मराठी मुलं हसतात, आणि मग दोष पुस्तकाचा असून शिक्षा मुलाला होते. वाचन पक्कं झाल्यावर लेखी रूपं शिकवायला भरपूर वेळ असतो.

एक अडचण मात्र लिहून झाल्यावरच दिसते. या गोष्टीत मिताली, आई, आजी आणि बाई अशा सगळ्या बायकाच आहेत. ‘ती’ म्हटलं की कोण? मराठीतल्या आदरार्थी बहुवचनाने हा प्रश्न बराचसा सोडवला. आजी ‘हसल्या’, मिताली ‘हसली’; सर्वनाम न वापरताही कोण हसलं ते कळतं. आईला मात्र मितालीसारखीच एकवचनी रूपं लागतात, म्हणून आईला एका वाक्यापुरतं आणून लगेच बाजूला केलं.

गोष्ट जमली की नाही, हे लेखकाला घरी बसून कळत नाही. ती योग्य पायरीवरच्या मुलांना वाचायला द्यावी आणि शेजारी बसून काहीही समजावू नये. मूल कुठे थांबतं, कुठे मागे जातं, बोट कोणत्या शब्दावर अडकतं, तिथे पेन्सिलीने खूण करावी. भरभर वाचणं हा पुरावा नव्हे. देवनागरी येणारी मुलं अर्थ न कळताही खणखणीत वाचतात. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून “काय झालं?” एवढंच विचारावं. हिंदीत सांगितलं तरी चालेल, त्यांच्या घरच्या भाषेत सांगितलं तर उत्तमच. मूल ‘सहा’ आणि ‘चहा’ची गंमत सांगू शकलं, तर मधला भाग पोहोचला. ‘तिने बाईंना विचारलं’ असं सांगितलं, तर शेवट पोहोचला. ‘ती पास झाली’ असं सांगितलं, तर मुलाने गोष्ट वाचली नाही, स्वतःच्या मनातली सांगितली. मग शेवट पुन्हा लिहावा.

या गोष्टीला मर्यादाही आहेत. वर्गातली चिडवाचिडवी, घरून येणारा गुणांचा दबाव किंवा खरोखरच बोलण्यात असलेला शारीरिक अडथळा यांवर तिचा उपाय नाही. तोतरेपणा असलेल्या मुलाला ‘मोठ्याने बोल’ म्हणणाऱ्या आजींची गोष्ट देणं तर क्रूरपणाच होईल. ज्याला भाषा बरीचशी कळते पण कळलं नाही तर काय म्हणायचं ते माहीत नाही, अशाच मुलासाठी ती आहे.

शेवटी प्रश्न येतात, आणि चांगली गोष्ट तिथे बिघडू शकते. ‘मितालीच्या स्वभावाचे वर्णन करा’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला जी भाषा लागते, ती गोष्टीच्या भाषेपेक्षा तीन पायऱ्या वर असते. त्यापेक्षा ‘डबा कुणी दिला?’, ‘पार म्हणजे काय?’, ‘आजींना काय म्हणायचं, म्हणालीस की म्हणालात?’ असे प्रश्न घ्यावेत, ज्यांची उत्तरं गोष्टीतच आहेत. त्यानंतर दोघा-दोघांनी ती मोठ्याने वाचावी. एकाने वर्गाच्या एका टोकाला मिताली व्हावं, दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला कानावर हात ठेवून आजी. मितालीचं काम बडबड्या मुलाला द्यावं आणि आजीचं सगळ्यांत गप्प मुलीला. आजींना पहिल्या प्रसंगात पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणायचं असतं. शिवाय ऐकू आलं नाही असं म्हणायचा हक्क त्या मुलीकडे असतो, त्यामुळे समोरच्याने किती वेळा बोलायचं ते तीच ठरवते. दुसऱ्या फेरीत जोड्या तशाच ठेवून मितालीला बाईंच्या टेबलाशी बसवावं, आजींच्या मुलीला बाई करावं आणि चित्र बदलावं: बाजार, एसटी स्टँड, विहीर, जे वर्गात हाताशी असेल ते. चित्रात एक शब्द असा ठेवावा, जो समोरच्याला माहीत नाही आणि बाई झालेल्या मुलीला माहीत आहे. तो काय ते समोरच्याला समजावून सांगायला आता तिलाच बोलावं लागतं.